भिंतीला दोन दांड्या, उंबऱ्याला उतार : भाड्याच्या घरात म्हाताऱ्या आईसाठी मालकाची परवानगी कशी मागावी

आईचा डावा खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली आणि ती वॉकर धरून चालू लागली, त्याला तीन आठवडे झाले होते. लातूरमधल्या आमच्या भाड्याच्या घरात न्हाणीघर आणि संडास एकत्रच आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्यामुळे तिथे एका कोपऱ्यात २०० लिटरचा निळा ड्रम कायम भरून ठेवलेला असतो. कमोडवरून उठताना आई एक हात त्या ड्रमच्या काठावर टेकवत असे आणि दुसऱ्या हाताने टॉवेलची दांडी धरत असे. एके सकाळी ती दांडी दोन्ही स्क्रूंसह भिंतीतून उपटून आली. ड्रम भरलेला होता म्हणून हलला नाही आणि आई त्यावर रेलून सावरली. पाणी यायच्या आदल्या दिवशी हे घडले असते, तर रिकामा ड्रम तिच्यासकट आडवा झाला असता.

टॉवेलची दांडी ही आधाराची दांडी नव्हे, हे त्या दिवशी आम्हाला कळले. सॅनिटरीच्या दुकानात ज्याला ‘ग्रॅब बार’ म्हणतात, ती माणसाचे वजन पेलणारी दांडी बसवायची, तर टाइल्समध्ये चांगली खोल भोके पाडावी लागतात. शिवाय दिवाणखान्याच्या उंबऱ्यावरून वॉकर उचलून न्यावा लागत होता, तिथे छोटा उतार हवा होता. घर मात्र आमचे नाही. अशा वेळी भाड्याने राहणाऱ्या माणसाने मालकाकडे नेमके काय मागावे, कशा शब्दांत मागावे आणि मालक ज्याला घाबरतो त्याचे उत्तर कागदावर कसे द्यावे, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. ‘ज्येष्ठ नागरिकांसाठी कायदा आहे, मालकाला नाही म्हणताच येणार नाही’ असे अनेकांना वाटते. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा मुले आणि वारसदार नातेवाईक यांच्यावर जबाबदारी टाकतो, घरमालकावर टाकत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा इमारती सुगम्य करण्याविषयी बोलतो, पण त्याचा रोख सर्वसामान्य लोक वापरतात त्या इमारतींवर आहे. एखाद्याने भाड्याने दिलेल्या दोन खोल्यांना तो ती सक्ती लावत नाही. म्हणून ही मागणी हक्काची म्हणून करता येत नाही, ती विनंतीच असते, आणि तिचे यश बहुतांशी ती किती नेमकी आहे यावर ठरते.

मालकाची परवानगी न घेता काम उरकले तर काय होते, हे करार कोणत्या प्रकारचा आहे त्यावर अवलंबून आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा असून तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. मराठवाड्यात त्याआधी हैदराबाद संस्थानाच्या वारशाने आलेला १९५४ चा वेगळा घरभाडे कायदा होता, त्यामुळे जुन्या पेठांमधल्या काही वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अजून ‘हैदराबादचा कायदा’ येतो. १९९९ च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये मालकाला जागा परत मागण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांतले एक असे आहे की भाडेकरूने मालकाच्या लेखी संमतीवाचून जागेत कायमस्वरूपी बांधकाम केले. कोणती कामे ‘कायमस्वरूपी बांधकाम’ धरायची नाहीत, याचा खुलासाही त्याच कलमात आहे : लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दरवाजा, जाळीकाम, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, धूर बाहेर टाकायची सोय. या यादीत आधाराची दांडी नाही आणि उतारही नाही. स्क्रूने बसवलेली आणि स्क्रू काढून निघणारी दांडी कोणत्याही समंजस न्यायाधीशाला बांधकाम वाटणार नाही, असे मला वाटते. पण सिमेंट ओतून केलेल्या उताराबद्दल तसे छातीठोकपणे सांगता येणार नाही. कायद्यात शब्द ‘लेखी संमती’ असा आहे, जिन्यात उभे राहून दिलेला होकार त्यात बसत नाही.

आज शहरांत बहुतेक घरे ‘लिव्ह अँड लायसन्स’वर, ११ महिन्यांच्या कराराने दिली जातात, आणि त्या छापील करारात बहुधा एक ओळ असतेच की जागेत कोणताही फेरबदल करणार नाही. अशा करारात राहणाऱ्याने न विचारता भोके पाडली, तर ‘हे कायमस्वरूपी बांधकाम आहे का’ हा प्रश्न येतच नाही. करार मोडला एवढे मालकाला पुरेसे होते. म्हणून कोणताही पाना उचलण्याआधी स्वतःच्या करारातली ती ओळ काढून वाचावी.

आमचे मालक वरच्या मजल्यावर राहतात. ते निवृत्त शिक्षक आहेत आणि आम्ही त्यांना काका म्हणतो. टॉवेलची दांडी पडली त्या संध्याकाळी मी घाईघाईने वर गेलो आणि ‘काका, आईसाठी बाथरूममध्ये हँडल बसवायचेत, रॅम्प करायचाय’ असे एका दमात सांगून मोकळा झालो. त्यांचा चेहरा उतरला. ‘भोकं पाडायलात व्हय भिंतीला? मागच्यानं असंच पाडलं आन् आतला पाइप फोडला. किचनची भिंत वर्षभर ओली होती माझी.’ रॅम्पबद्दल तर ते काहीच बोलले नाहीत, आणि ते न बोलणे जास्त बोलके होते. मी खाली आलो तेव्हा मला वाटले होते की माणूस कठोर आहे. पुढच्या दोन दिवसांत विचार केल्यावर लक्षात आले की त्यांच्या दोन्ही भीतींना ठोस कारण होते, आणि मी त्यांपैकी एकीचेही उत्तर घेऊन गेलो नव्हतो.

पहिली भीती पाण्याची होती. हल्लीच्या न्हाणीघरात पाइप भिंतीत खाचा पाडून गाडलेले असतात. मिस्त्रीचे ड्रिल पाइपला नुसते चाटून गेले तरी तेव्हा काही दिसत नाही. काही आठवड्यांनी पलीकडच्या खोलीच्या भिंतीवर ओल उमटते, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि टाइल्स फोडूनच दुरुस्ती करावी लागते. पाइप चुकला तरी भोकाच्या तोंडाशी सीलंट नसेल, तर रोजच्या अंघोळीचे पाणी थोडे थोडे आत जात राहते.

दुसरी भीती कब्जाची होती, आणि ती बोलून दाखवणे मालकाला अवघड जाते. भाडेकरूने स्वतःच्या पैशाने पक्के काम केले की तो हलत नाही, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. मी ती निव्वळ संशय समजत होतो, पण तिच्यामागे कायद्यातली एक खरी तरतूद आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ हा लायसन्सचा मूळ कायदा. त्याच्या कलम ६० नुसार, लायसन्सवर राहणाऱ्याने त्या परवानगीच्या आधारे स्वतः खर्च करून कायम स्वरूपाचे काम केले असेल, तर मालकाला ते लायसन्स मधेच रद्द करता येत नाही. कराराची मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्यासाठी भाडे नियंत्रण कायद्यात कलम २४ ची वेगळी वाट आहे, त्यामुळे दोन दांड्यांनी मालकाचे घर जाईल असे काही नाही. तरीही ज्या माणसाने हे कुठेतरी अर्धवट ऐकलेले असते, त्याच्यापुढे ‘रॅम्प करायचाय’ हे दोनच शब्द ठेवणे म्हणजे सिमेंटची गाडी दारात उभी करण्यासारखेच आहे.

यातून मागणीचा सगळा सूर ठरतो. जे मागायचे ते काढता येण्याजोगे असले पाहिजे, तसे ते कागदावर लिहिलेले असले पाहिजे, आणि मालकाला अंदाज बांधायला काही शिल्लक ठेवता कामा नये.

म्हणून दुसऱ्यांदा वर जाण्याआधी आम्ही मोजमाप केले. आईला कमोडवर बसवले आणि तिच्या सवयीने हात भिंतीवर टेकवायला सांगितला. तो जिथे टेकला तिथे खडूने रेघ ओढली. आमच्या कमोडची बैठक जमिनीपासून ४३ सेंटिमीटरवर आहे आणि तिचा हात ६६ सेंटिमीटरवर टेकला. बैठकीच्या वर साधारण २० ते २५ सेंटिमीटर ही उठण्यासाठी सोयीची उंची मानतात, त्यात हे बसत होते. पुस्तकातल्या उंचीपेक्षा त्या माणसाच्या हाताची उंची महत्त्वाची, कारण दांडी फार वर असेल तर म्हातारे माणूस तिला लोंबकळते आणि फार खाली असेल तर पुढे झुकते. तिथे ६० सेंटिमीटरची आडवी दांडी ठरली. दुसरी, ४५ सेंटिमीटरची उभी दांडी, न्हाणीघराच्या दाराशी आतल्या बाजूला ठरली, कारण आतली फरशी खोलीपेक्षा ५ सेंटिमीटर खाली आहे आणि तोल तिथेच जातो. आत उतार करायचा विचार आम्ही लगेच सोडून दिला : तो पाण्यात राहील, निसरडा होईल आणि मोरीकडे जाणारे पाणी अडवेल. उंबरठ्याशी पाय खाली टाकताना धरायला भक्कम काही असणे हे तिथे उतारापेक्षा जास्त कामाचे असते.

दांडीची जाडी मुठीत नीट मावेल अशी, म्हणजे ३२ ते ३८ मिलिमीटर, आणि भिंतीपासूनचे अंतर सुमारे ४ सेंटिमीटर हवे. अंतर त्याहून फार जास्त असले तर हात घसरल्यावर मनगट किंवा कोपर आत अडकण्याचा धोका असतो. दांडी स्टेनलेस स्टीलची आणि ३०४ ग्रेडची घ्यावी, कारण आपल्याकडच्या बोअरच्या क्षारांच्या पाण्यात हलके स्टील लवकर डागाळते. दुकानदार चुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही’ असे दाखवतो, पण हलक्या २०२ ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेचा उपयोग नाही. ग्रेड बिलावर लिहून घ्यावी. रबरी चकतीने हवेच्या दाबावर चिकटणाऱ्या दांड्या मिळतात आणि मालकाला त्या फार पटतात, कारण भोक पडत नाही. त्या टाइलच्या सांध्यावर किंवा खरखरीत टाइलवर धरत नाहीत, आणि गुळगुळीत टाइलवरही न सांगता सुटतात. पूर्ण वजन टाकून उठणाऱ्या माणसासाठी त्या घेऊ नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे.

भिंतीची तपासणी मात्र मालकाला सोबत घेऊनच करावी, कारण पाइप कुठून गेला हे बहुधा त्यालाच आठवते. साधा नियम असा की नळ, गिझरचे तोंड किंवा शॉवर जिथे आहे त्याच्या सरळ वर, सरळ खाली आणि दोन तोंडांना जोडणाऱ्या आडव्या रेषेत पाइप असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. तो पट्टा सोडून द्यायचा. पाइप जुना लोखंडी असेल तर धातू शोधणारे छोटे यंत्र तो दाखवते, पण हल्लीचा प्लास्टिकचा सीपीव्हीसी पाइप त्या यंत्राला दिसत नाही, म्हणून यंत्र गप्प राहिले तरी निर्धास्त होऊ नये. नाण्याने टाइल वाजवून पाहावी : भरीव आवाज आला तर मागे माल भरलेला आहे, पोकळ आवाज आला तर तिथे भोक पाडताना टाइल तडकण्याची भीती असते. आमची न्हाणीघराची भिंत चार इंची विटांची आहे, म्हणजे प्लास्टर धरूनही पलीकडे स्वयंपाकघर फार लांब नाही. तिथे दोन-अडीच इंचांहून लांब बोल्ट नको, असे मिस्त्रीने सांगितले. नव्या इमारतींत हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या भिंती असतात. त्यांत साधा प्लग आवळताच भोक मोठे होत जाते, म्हणून तिथे त्या ब्लॉकसाठीचे वेगळे अँकर किंवा रसायन भरून बसवायचे अँकर लागतात.

उताराचे गणित अगदी सोपे आहे आणि तेच बहुतेक लोक करत नाहीत. चढ जितका, त्याच्या १२ पट लांबी. आमच्या ओट्याला अंगणातून दोन पायऱ्या आहेत, प्रत्येकी १५ सेंटिमीटरची. एकूण चढ ३० सेंटिमीटर, म्हणून उतार ३६० सेंटिमीटरचा, जवळजवळ १२ फुटांचा हवा. पायरीपासून फाटक ८ फुटांवर आहे. तेवढ्यात उतार कोंबला असता तर तो उभा झाला असता आणि खाली येताना वॉकर आईच्या पुढे धावला असता. फाटकाबाहेर नेला असता तर महानगरपालिकेच्या नालीवर आणि रस्त्यावर आला असता, आणि तिथे परवानगी देण्याचा अधिकार मालकालाही नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे : जिना, पॅसेज आणि पार्किंग सर्वांच्या मालकीचे असते, तिथे सोसायटीची लेखी परवानगी लागते, फ्लॅटमालकाची पुरत नाही. अंगणातला रॅम्प आम्ही मागणीतून काढूनच टाकला, आणि काकांच्या कपाळावरची आठी तिथेच निम्मी उतरली असावी.

राहिला दिवाणखान्याचा उंबरा. तो ओट्याच्या बाजूने ६ सेंटिमीटर आणि आतून अडीच सेंटिमीटर उंच आहे. म्हणजे बाहेर ७२ सेंटिमीटरचा आणि आत ३० सेंटिमीटरचा उतार पुरेसा होता, आणि तो सुताराकडून वॉटरप्रूफ प्लायमध्ये करून नुसता टेकवून ठेवता येत होता. इथे कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात नसलेली अडचण आली. काकू म्हणाल्या, ‘उंबरा झाकायचा नसतो बाई, सणावाराला पूजा असते त्याची.’ म्हणून दोन्ही उतार उंबऱ्याच्या उंचीपर्यंत येऊन त्याला भिडतील, पण उंबरा स्वतः मोकळा राहील असे ठरले. दुसरी अडचण आम्हाला सुताराने दाखवली : दार आत उघडते, आणि आतल्या बाजूला फळी असेल तर ते लागणारच नाही. तेव्हा आतल्या फळीला दोरीची मूठ लावली. ती रात्री उचलून भिंतीला उभी करायची. दोन्ही फळ्यांच्या खाली रबराच्या पट्ट्या आणि वर खरखरीत पट्ट्या चिकटवल्या, कारण शहाबादी फरशीवर मोकळी फळी सरकते आणि सरकणारा उतार उंबऱ्यापेक्षा घातक असतो.

हे सगळे ठरल्यावर मी पत्र लिहिले. भिंतीवर रंगीत चिकटपट्टीने दांड्यांच्या जागा दाखवून काढलेले दोन फोटो त्याला जोडले. पत्राचा गाभा असा होता :

‘आदरणीय काका, स. न. वि. वि. आईच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी उठता-बसताना भक्कम आधार वापरण्यास सांगितले आहे. त्यासाठी आपल्या घराच्या न्हाणीघरात फोटोत दाखवलेल्या दोन जागी प्रत्येकी एक स्टीलची दांडी बसवण्यास आपली लेखी परवानगी मिळावी, ही विनंती. दोन्ही मिळून सहा भोके पडतील. जागा आपल्यासमोर ठरवू आणि काम आपण सुचवाल त्या मिस्त्रीकडून, आपल्या सोयीच्या दिवशी करू. सर्व खर्च माझा राहील. कामामुळे पाइप, टाइल किंवा पलीकडच्या भिंतीचे नुकसान झाल्यास दुरुस्ती मी करून देईन. दिवाणखान्याच्या उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी उतार नुसते टेकवून ठेवू; ते कुठेही बसवलेले नसतील. ही सर्व सोय तात्पुरती व काढता येण्याजोगी आहे, ते कायम स्वरूपाचे काम नाही, आणि तिच्या आधारे कराराबाहेरचा कोणताही हक्क मी सांगणार नाही. घर सोडताना दांड्या काढून भोके बुजवून देईन. न दिल्यास त्याचा वाजवी खर्च अनामत रकमेतून वळता करावा.’

यातल्या दोन वाक्यांना सर्वांत जास्त वजन आहे. ‘पलीकडच्या भिंतीचे’ हे शब्द काकांच्या पहिल्या भीतीसाठी होते आणि ‘कायम स्वरूपाचे काम नाही’ हे दुसरीसाठी. आजाराची फाइल जोडायची गरज नसते. डिस्चार्जच्या कागदावरची डॉक्टरांची एक ओळ दाखवली तरी पुरते, आणि आईचे सगळे रिपोर्ट घरमालकाच्या हाती देणे मला स्वतःला योग्य वाटत नाही. पत्राच्या दोन प्रती कराव्यात आणि एका प्रतीवर खाली ‘परवानगी आहे’ असे लिहून तारखेसह सही घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला होकार अगदीच निरुपयोगी नसतो, पण सहीचा कागद असताना वाद उकरायला जागा राहत नाही.

सही कोणाची, हेही पाहावे लागते. मराठवाड्यात अनेक घरांचे व्यवहार गावात राहणारे वडील पाहतात आणि घर पुण्यात किंवा हैदराबादेत नोकरी करणाऱ्या मुलाच्या नावावर असते. नोंदणी केलेल्या करारात मालक म्हणून ज्याचे नाव आहे, त्याची किंवा त्याच्या मुखत्यारपत्राने अधिकार मिळालेल्या माणसाची सही हवी. आमच्या घराच्या करारात काका आणि काकू अशी दोघांची नावे होती. दुसरी सही मी पहिल्या वेळी घ्यायला विसरलो आणि त्यासाठी पुन्हा जिना चढावा लागला.

काम दीड तासात झाले. मिस्त्रीने भोकाच्या जागी कागदी चिकटपट्टी लावली, टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा ठोका बंद ठेवून काच-टाइलसाठीच्या टोकाने हळूहळू भोक पाडले आणि विटेत शिरल्यावरच ठोका सुरू केला. ठोक्यानेच टाइलला हात घातला तर ती तडकते. भोकातली पूड फुंकून काढली, कारण पुडीत बसलेला प्लग नंतर ढिला होतो. प्रत्येक बोल्टभोवती सिलिकॉन भरले आणि ते सुकेपर्यंत एक दिवस तिथे अंघोळ केली नाही. दांडीची परीक्षा आईने घ्यायची नव्हती. मी आणि मिस्त्रीने आळीपाळीने पूर्ण वजनाने तिला ओढून पाहिले. काका स्टुलावर बसून सगळे पाहत होते आणि पहिले भोक पडल्यावर ते स्वयंपाकघरात जाऊन पलीकडची भिंत हाताने चाचपून आले. त्यानंतर महिनाभर दर आठवड्याला मी तेच केले : पलीकडे ओलसरपणा, रंगाला फुगवटा किंवा पांढरे क्षार दिसतात का, आणि दांडीची चकती भिंतीपासून केसभर तरी सुटली आहे का.

मालक नाहीच म्हणाला तर मागच्या दाराने काम करू नये. पण हात बांधून बसण्याचेही कारण नाही. कमोडभोवती जमिनीवर उभी राहणारी, दोन्ही बाजूंना हात असलेली चौकट मिळते, आणि घरात भारतीय बैठकीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते. यांपैकी कशालाही भोक लागत नाही, म्हणून परवानगीचा प्रश्न उरत नाही. मात्र अशी चौकट एका बाजूला जोर दिला की कलंडू शकते, म्हणून उठताना दोन्ही हातांनी सारखा भार द्यायला शिकवावे लागते, आणि आमच्यासारख्या न्हाणीघरात तिच्यासाठी आधी ड्रम हलवावा लागतो. उंबऱ्याची टेकवलेली फळी फर्निचरसारखीच असते. तीही मालकाला सांगून ठेवावी, एवढेच.

करार ११ महिन्यांचा असल्यामुळे नूतनीकरणाच्या वेळी एक गोष्ट सुटते. नवा करार छापताना जुनीच ‘फेरबदल करणार नाही’ ही ओळ येते, आणि दांड्या तर भिंतीला असतातच. म्हणून नव्या करारात ‘दि. अमुकच्या पत्राने दिलेली परवानगी चालू राहील’ असे एक वाक्य घालून घ्यावे. आम्ही ते घातले तेव्हा काकांनी विचारले की घर सोडताना न्हाणीघरातल्या दांड्या तशाच ठेवल्या तर चालेल का, कारण आता त्यांचेही गुडघे बोलू लागले आहेत. मी हो म्हणालो, आणि त्या ठेवल्यास भोके बुजवण्याचा खर्च अनामत रकमेतून कापला जाणार नाही, हेही त्याच वाक्याच्या शेवटी लिहून घेतले.